रोलबॅकने लॉगिन सुरू झालं नव्हतं

"ब्लेमलेस रिव्ह्यू म्हणजे चूक झाकायची सोय. तासभर लॉगिन बंद होतं, कुणीतरी डिप्लॉय केलंच असेल ना? त्याचं नाव लिहा. रोलबॅक केला, सुरू झालं, विषय संपला, सात पानं कशाला? नाव नाही तर जबाबदारी नाही, आणि जबाबदारी नाही तर पुढच्या महिन्यात परत तेच."

पुण्यातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुप्सवर हा मजकूर महिनाभर फिरतोय. खराडीतल्या ज्या कंपनीत मी काम करतो तिथे नेमकं हेच घडलं होतं, आणि ब्लेमलेस रिव्ह्यूची, म्हणजे कुणालाही दोषी न ठरवता बिघाडाची कारणं शोधणाऱ्या अहवालाची, ती सात पानं लिहिणाऱ्यांपैकी मी एक आहे. म्हणून उत्तर देतो.

सुरुवात रोलबॅकपासून, म्हणजे आधीची आवृत्ती परत चढवण्यापासून करतो, कारण आमचाही पहिला मसुदा तेच म्हणत होता: ११.०५ ला डिप्लॉय, ११.३८ ला रोलबॅक, १२.०५ ला सगळं सुरळीत. वाचायला अगदी पटणारं. फक्त ते खरं नव्हतं.

आमचं सॉफ्टवेअर दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं आहे. लॉगिन झालं की लॉगिन सर्व्हिस एक टोकन देते आणि त्यावर आपल्या गुप्त किल्लीने सही करते. बाकीच्या सर्व्हिसेस ती सही तपासतात. तपासायला लागणाऱ्या सार्वजनिक किल्ल्यांची यादी त्या लॉगिन सर्व्हिसकडून आणतात आणि प्रत्येक प्रोसेस ती स्वतःजवळ कॅशमध्ये ठेवते. किती वेळ ठेवायची, ते यादीसोबतच्या हेडरमध्ये लिहिलेलं असतं:

```
Cache-Control: max-age=3600
```

म्हणजे एक तास. त्या सकाळी आम्ही सहीची किल्ली बदलली. नवी किल्ली यादीत टाकणं आणि तिने सही सुरू करणं, दोन्ही एकाच डिप्लॉयमध्ये झालं. बाकीच्या सर्व्हिसेसकडे मात्र जुनीच यादी होती. नव्या टोकनवरचा `kid`, म्हणजे किल्लीची ओळख, त्यांना माहीतच नव्हता. त्यांनी 401, म्हणजे ओळख पटली नाही असं उत्तर देऊन टोकन नाकारलं. जुनी किल्ली यादीतून काढलेली नव्हती, त्यामुळे आधीच आत असलेल्यांना काही जाणवलं नाही. अडकले ते नव्याने लॉगिन करणारे.

सपोर्टला पहिला फोन आला तो एका दवाखान्याच्या रिसेप्शनवरून. "सर, पासवर्ड बरोबरच टाकतेय. डॉक्टरांचं नावसुद्धा दिसतं क्षणभर, आणि परत लॉगिनचं पान येतं. इथे पेशंट खोळंबलेत." तिने दिलेलं वर्णन आमच्या डॅशबोर्डपेक्षा नेमकं होतं. नाव दिसतं, म्हणजे लॉगिन होतंय. नंतर बाहेर फेकतं, म्हणजे दुसरीच सर्व्हिस नकार देतेय. आमच्या डॅशबोर्डवर मात्र यशस्वी लॉगिनचा आलेख वर चाललेला, कारण माणसं पुन्हा पुन्हा लॉगिन करत होती.

आता रोलबॅक. जुनी इमेज परत चढवली, पण किल्ली इमेजमध्ये नव्हती, ती सीक्रेट्सच्या वेगळ्या साठ्यात होती. जुन्या इमेजने सुरू होताना तीच नवी किल्ली वाचली आणि तिनेच सही करत राहिली. म्हणजे रोलबॅकने काहीही बदललं नाही.

हे कळलं ते रिव्ह्यूसाठी आलेख पुन्हा काढताना. नवं टोकन घेऊन आलेल्या दर शंभर विनंत्यांपैकी किती नाकारल्या गेल्या, हे मिनिटागणिक मांडलं. ११.०५ ला जवळपास सगळ्या, ११.२० ला पाऊणशेच्या आसपास, ११.३५ ला निम्म्या आणि १२.०५ ला शून्य. सरळ उतरती रेघ. ११.३८ ला तिला साधा बाकही नाही. रोलबॅकने फरक पडला असता तर रेघ तिथे मोडली असती. प्रत्येक प्रोसेसने यादी वेगवेगळ्या मिनिटाला आणलेली होती, त्यामुळे एकेकीची कॅश संपत गेली, नवी यादी येत गेली आणि ३,६०० सेकंदांनी आजार आपोआप बरा झाला. वापरणाऱ्यांना मात्र जवळजवळ पूर्ण तास बंदच वाटलं, कारण एका पानामागे आठ-दहा विनंत्या जातात आणि त्यातली एक जरी नाकारली गेली तरी माणूस बाहेर. बाकीच्या सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या असत्या तर त्यांनी ताजी यादी आणली असती आणि सगळं काही मिनिटांत सुटलं असतं. "रोलबॅक केला, सुरू झालं" असं लिहून फाइल बंद केली असती, तर पुढच्या वेळीही आम्ही रोलबॅकच करत बसलो असतो.

नावाचं म्हणाल, तर डिप्लॉय कुणी केलं हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. गिटमध्ये दिसतंच. जिने केलं तिने रनबुक, म्हणजे कामाच्या ठरलेल्या पायऱ्यांचा कागद उघडून एकेक पायरी पाळली होती, आणि आदल्या वर्षी हेच रनबुक वापरून किल्ली बदलली तेव्हा काही झालं नव्हतं. तेव्हा कॅश पाच मिनिटांची होती. मधल्या काळात लॉगिन सर्व्हिसवरचा भार कमी करायला दुसऱ्या टीमने ती तासाची केली, आणि तो निर्णयही योग्यच होता. स्टेजिंगवर, म्हणजे आमच्या चाचणीच्या सर्व्हरवर सगळ्या सर्व्हिसेस एकत्रच डिप्लॉय होतात, तिथे कॅश नेहमी ताजी असते, त्यामुळे तिथे हे दिसणं शक्यच नव्हतं. यात एक नाव लिहायचं तर कुणाचं लिहाल?

आणि नाव लिहिण्याची किंमत काय, तेही सांगतो. रिव्ह्यूच्या बैठकीत ती स्वतःहून म्हणाली, "११.१५ ला मी curl मारून पाहिलं तेव्हा तीनदा 401 आला होता. चौथ्यांदा गेलं. मला वाटलं डिप्लॉय अजून स्थिरावतंय." हे कुठल्याही लॉगवरून कळलं नसतं. 401 नोंदले गेले होते, पण ते कुणीतरी पाहिले आणि सोडून दिले, हे फक्त तिच्याकडे होतं. त्या एका वाक्यामुळे आम्हाला समजलं की आमच्याकडे डिप्लॉयनंतरचा 401 "चालायचंच" म्हणून सोडायची सवय आहे. अप्रेझलमध्ये हे वाक्य आपल्यावर उलटेल अशी भीती असती, तर कोण बोललं असतं? मी तरी बोललो नसतो.

"परत तेच होणार" याबद्दल एक जाहीर उदाहरण देतो. २८ फेब्रुवारी २०१७ ला अमेझॉनची एस३ ही फाइली साठवायची सेवा काही तास कोलमडली. त्यांच्या निवेदनानुसार, ठरलेल्या प्लेबुकप्रमाणे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याने कमांडमध्ये एक इनपुट चुकीचं दिलं आणि हवे होते त्याहून जास्त सर्व्हर काढले गेले. निवेदनात नाव नाही. उपाय मात्र आहे: ते टूल बदललं, ते आता सर्व्हर सावकाश काढतं आणि किमान गरजेच्या खाली जाऊच देत नाही. दुसऱ्या माणसाचं बोट चुकलं तरी टूल अडवतं.

जाणूनबुजून नियम डावलला, नोंदी पुसल्या, तर तो वेगळा विषय आहे. तो मॅनेजर आणि एचआरकडे जातो, या कागदात येत नाही.

जबाबदारी राहिली. आमच्या कागदात नावं आहेत, शेवटच्या पानावर, चार कामांसमोर, तारखेसकट. एक, रनबुक बदलायचं: आधी नवी किल्ली फक्त यादीत टाकायची, कॅशची मुदत संपेपर्यंत थांबायचं, मगच तिने सही सुरू करायची. दोन, लॉगिननंतर मिनिटभरात आलेल्या 401 वर अलार्म. तीन, अनोळखी `kid` दिसला तर सर्व्हिसने लगेच यादी पुन्हा आणायची, पण मिनिटाला एकदाच, नाहीतर खोटी टोकनं पाठवून कुणीही लॉगिन सर्व्हिसला दमवू शकेल. चार, दर दोन मिनिटांनी खरं लॉगिन करून अपॉइंटमेंटचं पान उघडणारी चाचणी.

पहिली तीन झाली. चौथ्यासमोर माझं नाव आहे आणि तारीख एकदा पुढे गेलीय, कारण चाचणीच्या खात्याला खऱ्या पेशंटची माहिती दिसू नये याची सोय आधी करावी लागतेय. दर सोमवारी स्टँडअपमध्ये मला त्याबद्दल विचारलं जातं.