गटात तीस कुठून आले?

“दोन गटांच्या सरासरींची तुलना करायची ना? मग जास्त डोकं लावू नका. प्रत्येक गटात ३० घ्या, सेंट्रल लिमिट थिअरमनुसार तेवढे पुरतात. गाइडने पॉवर ॲनालिसिस मागितलंच तर इफेक्ट साइझ ०.५ टाका. रिझल्ट सिग्निफिकंट आला की सॅम्पल पुरेसं होतं हे आपोआप सिद्ध होतं, आणि नाही आला तर नंतर पॉवर काढून कारण देता येतं.”

प्रबंधाचे आराखडे लिहायची वेळ आली की हा मजकूर हातोहात फिरतो. त्यातलं प्रत्येक वाक्य वेगळ्या कारणाने चुकतं, म्हणून एकेक घेतो.

सेंट्रल लिमिट थिअरमपासून सुरुवात करू. मूळ आकडे प्रसामान्य वितरणाचे नसले तरी नमुना वाढत गेला की सरासरीचं वितरण त्या घंटेच्या आकाराकडे सरकतं, एवढंच तो सांगतो. म्हणजे टी-टेस्टने दिलेल्या पी-व्हॅल्यूवर बऱ्यापैकी विसंबता येतं. फरक नसताना चाचणी ‘फरक आहे’ असा खोटा गजर शंभरात पाचच्या आसपास वेळा देईल, याची ती हमी झाली. खरा फरक असताना तो हाती लागण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, किती आहे याबद्दल हा सिद्धांत अवाक्षर काढत नाही. आणि नमुना किती घ्यायचा हा प्रश्न नेमका तोच असतो. (आकडे फारच एका बाजूला कललेले असतील तर ती पहिली हमीसुद्धा ३० वर मिळेलच असं नाही, पण ते राहू दे.)

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत तेच चालवू. उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याच उपचारांसोबत श्वसनाचा व्यायाम. आठ आठवड्यांनी वरचा रक्तदाब मोजायचा. अशा रुग्णांमध्ये एसडी, म्हणजे माणसामाणसांतला फरक, १२ मिलिमीटर धरू. आणि डॉक्टरांचं म्हणणं असं, की दोन गटांच्या सरासरीत निदान ५ मिलिमीटरचा फरक पडणार असेल तरच हा व्यायाम रुग्णांच्या मागे लावण्यात अर्थ आहे. गटात किती माणसं लागतील त्याचं सूत्र एका ओळीचं आहे:

```
n = 2 * (1.96 + 0.84)^2 * SD^2 / D^2
```

१.९६ येतो दुहेरी बाजूच्या ५ टक्के पातळीवरून, ०.८४ येतो ८० टक्के पॉवरवरून. D म्हणजे जो फरक हुकायला नको तो. पुढचा स्थिर भाग १५.७ होतो. त्याला १४४ ने गुणून २५ ने भागलं की ९०.४ येतात. एसडी आपल्याला नक्की ठाऊक नसते, ती नमुन्यातूनच काढायची असते, म्हणून टी-वितरणापायी गटामागे साधारण एक माणूस वाढतं. R मध्ये हे थेट निघतं:

```r
power.t.test(delta = 5, sd = 12, power = 0.80)
```

n समोर ९१.४ च्या आसपास आकडा दिसतो. माणूस अर्धा घेता येत नाही, म्हणून नेहमी वरचा पूर्णांक, गटात ९२. हा आकडा एका गटाचा आहे, दोन्ही मिळून १८४. दोन्ही गटांत मिळून ९२ समजून अभ्यास उरकलेले मी पाहिले आहेत.

सूत्रात सगळ्यात महाग बाब D आहे, कारण तो वर्गात बसतो. ५ ऐवजी २.५ मिलिमीटरचा फरक पकडायचा म्हटलं तर माणसं दुप्पट लागत नाहीत, चौपट लागतात, गटात ३६३. मधेच सोडून जाणारे यातून वजा होतात, तेही आधीच धरायचे. १५ टक्के गळती अपेक्षित असेल तर ९२ ला ०.८५ ने भागायचं, १०९ येतात. पुष्कळजण १५ टक्के मिळवून १०६ काढतात. त्यातले १५ टक्के गेले की ९० उरतात, ९२ नाही.

आता याच अभ्यासात गटात ३० घेऊन बघू. पॉवर येते सुमारे ३५ टक्के. व्यायामाने खरोखर ५ मिलिमीटर रक्तदाब उतरत असला, तरी असे तीन अभ्यास केले तर दोघांत ‘फरक आढळला नाही’ असंच छापून येईल.

०.५ ची गंमत अशी, की तो आधीच्या वाक्यालाच खोटं पाडतो. ८० टक्के पॉवरसाठी ०.५ टाकून बघा, सॉफ्टवेअर गटात ६४ मागतं, ३० नाही. पण खरा दोष पुढे आहे. इफेक्ट साइझ म्हणजे फरक भागिले एसडी. आपल्या रुग्णांत ०.५ म्हणजे ६ मिलिमीटर. कुणी निष्काळजीपणे, रुग्णाला बसून श्वास घ्यायलाही न देता रक्तदाब मोजला आणि एसडी २० वर गेली, तर तोच ०.५ म्हणजे १० मिलिमीटर. मोजमाप बिघडलं, तरी उत्तर जागचं हलत नाही: ६४. जो आकडा मोजमापाच्या प्रतीची दखलच घेत नाही, त्यातून माणसं मोजायची कशी? ०.२, ०.५, ०.८ ही लहान-मध्यम-मोठी वर्गवारी जेकब कोहेन यांची. तिचा आधार हाताशी दुसरं काही नसेल तेव्हाच घ्यावा, असं त्यांनी स्वतःच बजावलं होतं. फिरणाऱ्या मजकुरात ते गळून पडतं.

म्हणून फरक आणि एसडी वेगवेगळे लिहावेत. फरक ठरवायचा तो त्या विषयातल्या माणसाने. उपचार बदलण्याइतका मोठा फरक कोणता, हे संख्याशास्त्रज्ञाला विचारून उपयोग नाही. एसडी जुन्या शोधनिबंधांतून घ्यायची, पण ती त्याच प्रकारच्या रुग्णांची आणि त्याच मोजमापाची हवी. इथे एक खड्डा आहे. माझ्याकडे एकदा एक विद्यार्थिनी ‘गटात चार पुरे’ असं उत्तर घेऊन आली, आणि तिलाच ते पटत नव्हतं. तिने निबंधातल्या ‘±२’ ला एसडी धरलं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की ती स्टँडर्ड एरर आहे, गटात ३६ जण. २ ला ३६ च्या वर्गमुळाने, म्हणजे ६ ने गुणलं की एसडी निघते, १२. उत्तर ४ चं ९२ झालं. आकडा संशयास्पद लहान आला की आधी ± कशाचं आहे ते बघावं.

स्वतःचा पायलट केला असेल तर त्याची एसडी डोळे मिटून घेऊ नये. गटात १० जणांच्या पायलटमध्ये एसडी १२ आली, तर खरी एसडी ९.१ ते १७.८ मध्ये कुठेही असू शकते, हा तिचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल. नमुन्याच्या भाषेत सांगायचं तर गटात ५३ पासून १९९ पर्यंत काहीही. अशा वेळी मी एसडी जरा चढी धरतो, १४ च्या आसपास. पायलटमधून फरक मात्र कधीच घेत नाही, इतक्या कमी माणसांत तो वाटेल तिकडे झुकतो.

आता ‘सिग्निफिकंट आला म्हणजे पुरेसं होतं’ हे वाक्य. चारांतलं हेच मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते ऐकायला बिनतोड आहे. गटात ३० आणि एसडी १२ असताना पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली जायला दोन सरासरींत किती फरक दिसावा लागतो ते काढू. स्टँडर्ड एरर येते १२ गुणिले २/३० चं वर्गमूळ, म्हणजे ३.१. तिला टी च्या २.० ने गुणलं की ६.२. खरा फरक ५ आहे. म्हणजे नमुन्यात बरोबर ५ दिसले, अगदी सत्य दिसलं, तरी अभ्यास नापास. पास व्हायचं तर निदान ६.२ दिसायला हवेत. या अभ्यासातून ‘यशस्वी’ म्हणून बाहेर पडणारा जवळपास प्रत्येक निकाल फुगवलेलाच असणार, आणि तोच छापला जाणार. पुढचा संशोधक तो फुगलेला फरक D म्हणून सूत्रात घालतो आणि आणखी लहान नमुना काढतो. गटात ९२ असते तर ही उंबरठ्याची उंची ३.५ मिलिमीटर झाली असती, ५ तिथे सहज पार होतात.

निकाल लागल्यावर, दिसलेल्याच फरकावरून काढलेली पॉवर काहीच नवं सांगत नाही. ती पी-व्हॅल्यूचंच दुसरं रूप आहे. पी बरोबर ०.०५ असेल तर ती जवळपास ५० टक्के येते, आणि पी त्याहून मोठा असेल तर त्याहूनही कमी. त्यामुळे ‘सिग्निफिकंट आला नाही, कारण पॉवर कमी होती’ हे प्रत्येक फसलेल्या अभ्यासाबद्दल म्हणता येतं, फरक मुळात शून्य असला तरीही. त्यापेक्षा कॉन्फिडन्स इंटरव्हल लिहावा. समजा गटात ३० घेऊन फरक ४ दिसला. इंटरव्हल येतो उणे २.२ ते १०.२. व्यायामाने थोडं नुकसान होत असेल इथपासून तो औषधाइतका गुणकारी असेल इथपर्यंत काहीच नाकारता येत नाही, हे वाचणाऱ्याला एका ओळीत कळतं.

‘पण आम्हाला ९२ रुग्ण मिळतच नाहीत’ ही तक्रार खरी असते, आणि तिच्यावर एक चांगला उतारा आहे. सुरुवातीचा रक्तदाबही मोजा आणि विश्लेषणात तो घ्या, म्हणजे अँकोव्हा करा. सुरुवातीच्या आणि शेवटच्या रक्तदाबात सहसंबंध ०.६ असेल तर लागणारी माणसं १ वजा ०.३६, म्हणजे ०.६४ पट होतात. ९२ च्या जागी ६० च्या आसपास. एक जादा मोजमाप, आणि दोन्ही गट मिळून साठेक रुग्ण वाचले.

तेवढेही नसतील, काही केल्या तीसच मिळणार असतील, तर गणित उलटं चालवता येतं:

```r
power.t.test(n = 30, sd = 12, power = 0.80)
```

इथे delta समोर ८.८ येतो. गटात ३० असताना ८० टक्के खात्रीने सापडेल असा सर्वांत लहान फरक तो. नेहमीच्या उपचारांवर नुसत्या श्वसनाच्या व्यायामाने आणखी ८.८ मिलिमीटर उतरतील असं डॉक्टरांना वाटतं का, हे त्यांना पहिल्या रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधायच्या आधी विचारायचं.