गिऱ्हाइकाला बिलात कसं गुंडाळावं

हॉटेल काढलंय, काउंटरवर तो डबीएवढा थर्मल प्रिंटर आणलाय आणि बिल कसं छापावं हे सुचत नाहीये? काळजी सोडा. परवा दोन मिसळी, दोन ताक आणि एका जादा पावाचं बिल माझ्या हातात पडलं, ते कोपरापर्यंत लोंबत होतं. त्या थोर नमुन्याच्या आधारे हे उपाय देतोय.

सुरुवात लोगोने करा, आणि लोगो म्हणून मिसळीचा रंगीत फोटोच घ्या. प्रिंटरच्या हेडला दोनच गोष्टी जमतात: ठिपका तापवून काळा करणे किंवा कोरा सोडणे. राखाडी छटा त्याला ठाऊकच नाही. त्यामुळे तर्रीच्या जागी डांबर सांडल्यासारखं काहीतरी उमटतं. भूक चाळवते.

रुपयाचं चिन्ह (₹) जरूर टाका. पुष्कळ स्वस्त प्रिंटरांच्या अक्षरांत ते नसतंच, मग `?336.00` असं छापून येतं. दर बघून गिऱ्हाइकालाही तेच विचारायचं असतं.

‘धन्यवाद, पुन्हा या’ मराठीत लिहा, पण त्या ओळीचं चित्र करून प्रिंटरला पाठवायच्या भानगडीत पडू नका. साधा मजकूर पाठवलात की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येईल. भावना पोचतात.

प्रत्येक ओळीनंतर एक ओळ कोरी सोडा. एक ओळ साधारण पावणेचार मिलिमीटरची. दहा कोऱ्या ओळींत जवळजवळ चार सेंटिमीटर रोळ उडतो.

आता मुख्य उपाय, एकूण रक्कम. ती एकदाच छापणं हा कद्रूपणा झाला. आधी `Sub Total`, मग `Taxable Value`, तोच आकडा पुन्हा. मग `Total`, मग `Round Off 0.00`, म्हणजे काहीच केलं नाही याची लेखी कबुली. मग `Net Amount`. आणि सगळ्यांत खाली, डोळ्यांत भरावा म्हणून, दुप्पट मोठ्या अक्षरात `Grand Total : 336.00`.

इथेच खरी कला आहे. ५८ मिलिमीटरच्या रोळावर छपाई होते ४८ मिलिमीटरमध्ये, म्हणजे ३८४ ठिपके. साधं अक्षर १२ ठिपके रुंद, म्हणून ओळीत ३२ अक्षरं मावतात. प्रिंटरला `GS ! 0x11` ही आज्ञा दिलीत की अक्षर उंचीला दुप्पट होतंच, पण रुंदीलाही होतं. राहिली १६ अक्षरं. `Grand Total : ` एवढ्यानेच, मोकळ्या जागा धरून, १४ खाल्ली. उरली दोन. त्या दोनांत `33` बसतं आणि `6.00` खालच्या ओळीत, डावीकडे, एकटं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, ‘‘काका, ते जोडून वाचायचं.’’ जोडून वाचायचं! ऑफिसच्या अकाउंट्सवाल्याने जोडून वाचलं नाही. त्याने ते बिल परत पाठवलं, शेरा मारून: ‘रक्कम स्पष्ट नाही.’ अरे, त्या कागदावर स्पष्ट असायला हवी अशी गोष्टच ती एक होती! फोन नंबर दोन, इन्स्टाग्रामचं नाव, ‘आमची शाखा कुठेही नाही’ हे सगळं सरळ छापलंय, आणि पैसे तेवढे मोडून ठेवलेत.

पुरे झाले उपाय. नीट ऐका. `GS ! 0x01` द्या. अक्षर फक्त उंच होतं, रुंदी तीच राहते, ३२ च्या ३२ जागा हातात. पदार्थाच्या नावाला १८, नगाला ३, रकमेला ११, आणि रकमा उजवीकडे टेकवून:

```
Misal Pav          2      220.00
Tak                2       80.00
Extra Pav          1       20.00
--------------------------------
CGST 2.5%                   8.00
SGST 2.5%                   8.00
TOTAL Rs                  336.00
```

शेवटची ओळ तेवढी उंच. वर हॉटेलचं नाव, पत्ता, जीएसटी नंबर, बिल नंबर, तारीख. संपलं. यात तुमची कुठली गोष्ट राहिली? ती `Round Off`ची?

आणि कोऱ्या ओळी जिथे लागतात तिथे तुम्ही हात आखडता घेता! कागद फाडायची पट्टी हेडच्या थोडी पुढे असते. शेवटच्या ओळीनंतर कागद तीन-चार ओळी सरकवला नाही तर टोटल आतच अडकते आणि पोरगा फाडतो तो कागद टोटलशिवायचा. वर सगळीकडे उधळपट्टी आणि खाली काटकसर, हे काय डोकं आहे?

बिल बनवून देणाऱ्याने स्क्रीनवर पाहून ‘छान दिसतंय’ म्हटलं आणि तुम्ही पैसे मोजलेत. एकदा तरी कागदावर बघायचं होतंत. मेन्यूतलं सगळ्यांत लांब नाव घ्या, रक्कम `99999.99` टाका, छापा, फाडा, आणि चष्मा लागलेल्या माणसाच्या हातात द्या. त्याने ‘किती द्यायचे?’ असं विचारलं, तर ते बिल गिऱ्हाइकाला देऊ नका.