वॉचमनला फ्लॅट नंबर कळत नाही

वायफाय बंद केलं की लॉगिन होतं, चालू केलं की होत नाही. खरं तर निम्मं निदान याच वाक्यात झालेलं असतं, पण घरात कुणाचं तिकडे लक्ष नसतं. एक जण राउटरचं बटण बंद करून मोठ्याने दहा आकडे मोजतो. दुसरा पासवर्ड बदलतो, मग पुन्हा बदलतो, आणि तिसऱ्यांदा बदलताना ‘हा तुमचा जुनाच पासवर्ड आहे’ असं ऐकून घेतो. मला दया येते ती पासवर्डची. तो चुकीचा असता तर मोबाइल डेटावरही चुकीचाच ठरला असता. नेटवर्क बदलल्याने पासवर्डची स्पेलिंग बदलत नाही.

मग बिघडतं काय? लॉगिनचं पान म्हणजे एकच दुकान, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते लग्नघर असतं. पान एका ठिकाणाहून येतं, त्यावरची चित्रं दुसरीकडून येतात, ‘मी यंत्रमानव नाही’ची चौकट तिसरीकडून येते आणि ‘फेसबुकने लॉगिन करा’ या बटणाचा जीव चौथीकडून येतो. यातल्या एका पाहुण्याला गेटवर अडवलं तरी मांडव तसाच दिसतो, फक्त लग्न लागत नाही. बटण दाबा, काही होत नाही. पुन्हा दाबा, पुन्हा नाही. काही चुकलं असा संदेशही येत नाही, कारण तो द्यायचं काम ज्याच्याकडे होतं तोच गेटबाहेर उभा असतो.

हे फेसबुकचं बटणच उदाहरणादाखल घेऊ, कारण घरच्या वायफायवर ते फार निरागसपणे मरतं. बऱ्याच घरांत हल्ली कुणीतरी हौशी भाचा जाहिराती अडवणारा फिल्टर बसवून जातो. कधी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पाय-होल नावाचं फिल्टरचं सॉफ्टवेअर असतं, कधी राउटरच्या सेटिंगमध्ये जाहिराती गाळणाऱ्या सेवेचा डीएनएस पत्ता टाकलेला असतो. दोन्हीची पद्धत एकच. तुमच्या फोनला कुठल्याही ठिकाणी जायचं असेल तर तो आधी डीएनएसला त्या नावाचा पत्ता विचारतो. फिल्टर आपली यादी बघतो. नाव यादीत नसेल तर खरा पत्ता देतो, आणि असेल तर खोटा देतो किंवा असं नावच नाही म्हणून हात झटकतो. पाय-होल सहसा `0.0.0.0` हा पत्ता देतं. पुण्यात पत्ता विचारल्यावर ‘सरळ जा’ म्हणतात, तसलाच हा प्रकार.

खरी गोम पुढे आहे. फेसबुकच्या लॉगिन बटणाला लागणारी `sdk.js` ही फाइल `connect.facebook.net` या ठिकाणाहून येते. आणि तुम्ही चपलांच्या दुकानात डोकावलात याची चहाडी करणारी `fbevents.js` ही फाइलही तिथूनच येते. म्हणजे बिल्डिंग एक, फ्लॅट दोन. एकात जोशीकाका राहतात, दुसऱ्यात चहाडखोर. डीएनएसचा फिल्टर म्हणजे सोसायटीचा असा वॉचमन, ज्याला येणाऱ्याने फक्त बिल्डिंगचं नाव सांगायचं असतं. फ्लॅट नंबर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. त्यामुळे चहाडखोराला अडवायचं तर त्याला अख्खी बिल्डिंगच बंद करावी लागते. सुक्याबरोबर ओलं जळतं ते हे असं. यादी बनवणाऱ्याला दोष द्यायचा माझा तरी विचार नाही. त्याने चहाडखोरालाच धरलं होतं, काकांचा पत्ताही तोच निघाला.

मोबाइल डेटावर हा वॉचमन नसतो. तिथे पत्ता विचारला जातो मोबाइल कंपनीच्या डीएनएसला आणि भाच्याच्या यादीशी त्याचा काही संबंध नसतो. म्हणून तिथे बटण चालतं.

आता हे सिद्ध कसं करायचं? पहिला नियम असा की उपकरण बदलू नका, नेटवर्क बदला. लोक लॅपटॉप वायफायवर आणि फोन डेटावर ठेवून तुलना करतात, म्हणजे ताप एकाचा आणि थर्मामीटर दुसऱ्याच्या तोंडात. लॅपटॉप आधी वायफायवर तपासा, मग तोच लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटला जोडा. हॉटस्पॉट देणाऱ्या फोनचं वायफाय बंद ठेवा, नाहीतर काही फोन घरचंच वायफाय पुढे वाढतात आणि आपण आपल्याच शेपटीमागे फिरत बसतो. व्हीपीएन असेल तर तेही तेवढ्यापुरतं बंद करा.

हॉटस्पॉटवर बटण चाललं आणि वायफायवर नाही, एवढं पक्कं झालं की वायफायवर परत या, लॉगिनचं पान उघडा आणि F12 दाबा. Network नावाच्या भागात Disable cache वर खूण करा. ती केली नाही तर ब्राउझर आधी साठवलेली फाइल काढून दाखवतो आणि सगळं ठीक असल्याचा आव आणतो. पान पुन्हा लोड केलं की लाल ओळी दिसतील. त्या सगळ्या लाल ओळींनी घाबरायचं कारण नाही, त्यातल्या बऱ्याचशा जाहिरातींच्या असतात आणि त्या अडल्या यातच फिल्टरचं सार्थक आहे. आपल्याला शोधायची आहे `sdk.js`. शेजारच्या Console मध्ये `FB is not defined` असंही दिसू शकतं. म्हणजे बटण म्हणतंय, ज्याला हाक मारायची तो आलेलाच नाही.

लाल ओळीतला मजकूर जरूर वाचा. `ERR_NAME_NOT_RESOLVED` किंवा `ERR_CONNECTION_REFUSED` असेल तर संशय वॉचमनवर. `ERR_BLOCKED_BY_CLIENT` असेल तर वॉचमनची जाहीर माफी मागा, कारण अडवणारा तुमच्याच ब्राउझरमधला जाहिरातरोधक आहे. पण मग तो हॉटस्पॉटवरही अडवायला हवा होता. तसं झालं नसेल तर तुलना करताना कुठेतरी घोळ झालाय, पुन्हा पहिल्यापासून बघा.

आता वॉचमनला समोरासमोर विचारायचं. विंडोजच्या कमांड खिडकीत हे दोन प्रश्न टाका:

```
nslookup connect.facebook.net
nslookup connect.facebook.net 1.1.1.1
```

पहिला प्रश्न घरच्या वॉचमनला, दुसरा बाहेरच्या क्लाउडफ्लेअरच्या डीएनएसला. पहिल्याला `0.0.0.0` आणि दुसऱ्याला खरा पत्ता मिळाला तर खटला संपला. दोन्हीकडे शून्यच आली तर भाचा वाटला होता त्यापेक्षा हुशार आहे. साधा डीएनएस प्रश्न उघड्या पोस्टकार्डासारखा जातो, त्यामुळे कुणाच्याही नावाने पाठवला तरी राउटर तो मधेच उचलून स्वतः उत्तर देऊ शकतो.

इलाज सोपा आहे, पण तो नेमका करा. फिल्टरच्या नोंदींमध्ये हे नाव शोधा आणि तेवढ्या एका नावाला परवानगी द्या. अख्खा फिल्टर काढून टाकणं म्हणजे जोशीकाकांसाठी सोसायटीची भिंत पाडणं. परवानगी दिल्यावर लगेच बटण जिवंत झालं नाही तर फिल्टरवर चिडू नका. लॅपटॉपने जुनं उत्तर लक्षात ठेवलेलं असू शकतं. `ipconfig /flushdns` चालवा, ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. फोनवर मिनिटभर विमान मोड लावून काढला की बहुधा काम होतं.

याची किंमत मात्र आहे. बिल्डिंग उघडली की चहाडखोरही मोकळा सुटतो आणि चपला पुन्हा मागे लागतात. तो नको असेल तर त्याला ब्राउझरमधल्या जाहिरातरोधकाकडे सोपवा. त्याला पूर्ण पत्ता, फ्लॅट नंबरासकट दिसतो, त्यामुळे `fbevents.js` अडवून `sdk.js` आत सोडणं त्याला जमतं. फोनमधल्या अॅपांना अशी सोय नाही.

एक प्रकार तर मला विशेष छळवादी वाटतो, बटण कधी चालतं, कधी नाही. राउटरमध्ये डीएनएसचे दोन रकाने असतात. पहिल्यात फिल्टर आणि दुसऱ्यात ‘असू दे अडीअडचणीला’ म्हणून गूगलच्या डीएनएसचं `8.8.8.8` असं भरलेलं असतं. आपल्याला वाटतं दुसरा राखीव खेळाडू आहे, पहिला जखमी झाला तरच मैदानात येईल. बरीच उपकरणं असं काही मानत नाहीत, मनाला येईल त्याला विचारतात. म्हणून सकाळी लॉगिन होतं, दुपारी होत नाही, आणि घरात ग्रहमानावर चर्चा सुरू होते. दोन्ही रकान्यांत फिल्टरच भरा, नाहीतर फिल्टरचा नाद सोडा.

ऑफिसचं वायफाय हे निराळं प्रकरण आहे. तिथला पहारेकरी बिल्डिंगचं नाव विचारून थांबत नाही, तो डबा उघडून बघतो. तुमचा सुरक्षित संवाद मधेच सोडवून तपासायचा आणि पुन्हा ऑफिसचं सील लावून पुढे पाठवायचा, अशी सोय तिथल्या फायरवॉलमध्ये असते. ऑफिसच्या लॅपटॉपवर ते सील ओळखीचं करून ठेवलेलं असतं, म्हणून तिथे काही जाणवत नाही. तुमचा स्वतःचा फोन ते सील ओळखत नाही आणि `ERR_CERT_AUTHORITY_INVALID` म्हणून ओरडतो. ब्राउझरमध्ये हे सील, म्हणजे प्रमाणपत्र, उघडून ते कुणी दिलंय ते बघा. नेहमीच्या संस्थेऐवजी तिथे ऑफिसचं किंवा फायरवॉलचं नाव असेल तर डबा उघडला गेलाय. ‘तरीही पुढे जा’ दाबून पासवर्ड टाकू नका. तो डबा कोण उघडतंय हे माहीत नसताना तर नाहीच नाही.

काही जण ऑफिसचं सील स्वतःच्या फोनमध्ये बसवून घेतात. मग क्रोममध्ये लॉगिन होतं आणि त्याच सेवेचं अॅप मात्र हटून बसतं. यात भुताटकी नाही. अँड्रॉइड 7 पासून, वापरणाऱ्याने स्वतः बसवलेल्या सीलवर अॅप आपणहून विश्वास ठेवत नाहीत. अॅप बनवणाऱ्याने तशी मुभा दिली असेल तरच ठेवतात. काही अॅप तर स्वतःच्या मालकाचं ठरावीक सील सोडून जगातलं कुठलंच मानत नाहीत. फोनवर कितीही खटपट केली तरी यावर उपाय नाही. त्या नावाचा डबा उघडू नये, अशी सूट फायरवॉलमध्येच द्यावी लागते आणि ती आयटीवाल्यांच्या हातात असते.

आयटीला कळवताना ‘वायफायवर लॉगिन होत नाही, अर्जंट’ असं लिहिलंत तर उत्तर ठरलेलं आहे: राउटर बंद करून चालू करा. त्याऐवजी असं लिहा: ‘आज 11:20 वाजता, पाहुण्यांच्या वायफायवर, अमुक अॅपमध्ये लॉगिन अडतं. मोबाइल डेटावर त्याच फोनवर चालतं. अडलेलं नाव हे, चूक ही, प्रमाणपत्र देणारा म्हणून फायरवॉलचं नाव दिसतं. या नावाला तपासणीतून सूट देता येईल का?’ वेळ लिहिली की त्यांना नोंदींमध्ये तुमची ओळ सापडते. आणि उत्तर ‘नाही’ आलं, तर खासगी खाती ऑफिसच्या वायफायवर उघडू द्यायची नाहीत असा तिथला नियमच असू शकतो. तेव्हा फोनचं वायफाय बंद करा आणि डेटावर आपलं काम उरका.