परत नांदायला गेली म्हणजे माफ केलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "मॅडम, मागच्या लेखात तुम्ही लिहिलंत की क्रूरता माफ केली असेल तर त्या क्रूरतेवर घटस्फोट मिळत नाही. वाचून संताप आला. माझी मावसबहीण मार खाऊन दोनदा माहेरी आली आणि दोन्ही वेळा मोठ्यांनी समजूत घालून तिला परत पाठवली. तिने संसार टिकवायचा प्रयत्न केला, तोच आता तिच्याविरुद्ध पुरावा? वर उशीर केला म्हणूनही अडवणार. सोसणाऱ्यालाच शिक्षा करणाऱ्या कायद्याचं तुम्ही समर्थन करता. हे वाचून किती बायका कोर्टाची पायरीच चढणार नाहीत, याचा विचार केलात का?"

ताई, तुमच्या मावसबहिणीची वाट अजून बंद झालेली नाही, हे आधी सांगते. ती परत गेली एवढ्यावरून तिने माफ केलं असं ठरत नाही. आणि माफ केलं असं ठरलं, तरी ती माफी कायमची नसते. या दोन गोष्टी मी जरा सविस्तर मांडते, कारण कोर्टात खरी लढाई त्यांच्यावरच होते.

हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ म्हणतं की समोरचा पक्ष हजर असो वा नसो, त्याने हरकत घेतलेली असो वा नसो, काही गोष्टींची स्वतः खात्री पटल्याशिवाय न्यायाधीशांनी हुकूमनामा, म्हणजे मागितलेला अंतिम आदेश, द्यायचा नाही. क्रूरतेच्या अर्जात त्यातली एक गोष्ट म्हणजे अर्जदाराने ती क्रूरता माफ केलेली नाही. नवऱ्याच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, याबद्दल चकार शब्द नसला तरी न्यायाधीशांना हा प्रश्न विचारावाच लागतो. म्हणून उत्तर आपल्या कागदांत आधीपासून हवं.

माफी कशाला म्हणायचं, हे ज्या निकालाने पक्कं केलं तो आपल्या पुण्याचाच आहे. दास्ताने विरुद्ध दास्ताने, सर्वोच्च न्यायालय, १९७५. निकाल लिहिला न्या. यशवंत चंद्रचूड यांनी. लग्न १९५६ चं. १९६२ मध्ये नवऱ्याने पुण्याच्या कोर्टात अर्ज केला. तेव्हा क्रूरतेवर घटस्फोट मिळत नव्हता, फक्त न्यायिक फारकत, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याची मुभा, मिळायची. क्रूरता घटस्फोटाचं कारण झाली ती १९७६ च्या दुरुस्तीनंतर. नवऱ्याचं म्हणणं होतं की बायको मंगळसूत्र तोडते, तो कामावरून घरी यायच्या वेळी दाराला कुलूप लावते, जीव देण्याच्या धमक्या देते, त्याच्या आईवडिलांना वाटेल ते बोलते. सर्वोच्च न्यायालयाने पुरावा तपासला आणि क्रूरता सिद्ध झाली असं स्पष्ट लिहिलं. तरीही नवरा हरला.

कारण तारखांत होतं. दोघं २७ फेब्रुवारी १९६१ पर्यंत एकत्र राहत होती आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचं तिसरं मूल जन्मलं. न्यायालयाने म्हटलं की माफीला दोन गोष्टी लागतात. एक, मनाने क्षमा. दुसरी, चुकलेल्या जोडीदाराला पूर्वीच्याच जागी पुन्हा बसवणं. क्रूरतेच्या घटनांनंतरही पतिपत्नी म्हणून नेहमीसारखा शरीरसंबंध चालू राहिला, तर दोन्ही झाल्याचं जोरदार अनुमान निघतं.

लोक बहुतेक इथवरच वाचतात. पुढचं वाक्य तुमच्या बहिणीच्या कामाचं आहे. हे अनुमान खोडलं गेलं नाही, कारण आपण कोणत्या परिस्थितीत पुन्हा तसे राहू लागलो याचा खुलासा नवऱ्याने केलाच नव्हता, असं न्यायालयाने नोंदवलं. म्हणजे खुलासा करता येतो. माहेरी थारा नव्हता, हातात पैसा नव्हता, मूल तान्हं होतं, नकार दिला तर मार बसायचा, यातलं जे खरं असेल ते सांगता येतं. भीतीपोटी किंवा दुसरीकडे जागा नाही म्हणून एका छताखाली राहणं ही क्षमा नव्हे. पण हे तिने स्वतः सरतपासणीच्या प्रतिज्ञापत्रात, म्हणजे उलटतपासणीआधी दिलेल्या आपल्या लेखी साक्षीत, सांगितलं पाहिजे. उलटतपासणीत "मग मूल कसं झालं?" असा प्रश्न येतोच, आणि त्यावर पहिल्यांदाच दिलेलं उत्तर रचलेलं वाटतं. हा प्रश्न बाईला भर कोर्टात ज्या सुरात विचारला जातो तो मला संताप आणतो. १९७५ चा तो अर्जदार पुरुष होता, हे विसरून ते अनुमान मार खाणाऱ्या बाईला जसंच्या तसं लावणं चूक आहे असं माझं ठाम मत आहे, आणि तसा युक्तिवाद वकिलाने केलाच पाहिजे.

आता माफी टिकते कुठवर ते पाहू. त्याच निकालात आहे की माफी नेहमी अटीवर असते. पुन्हा असा गुन्हा करायचा नाही ही अट बोलून न दाखवताही त्यात धरलेली असते. माफीने जुनी क्रूरता पुसली जात नाही, फक्त झाकली जाते. अट मोडली की ती पुन्हा उघडी पडते. शिवाय नंतरचं वागणं आधीइतकं गंभीर असावं लागत नाही. एरवी त्याच्यावर हुकूमनामा मिळाला नसता, तरी जुनी क्रूरता जिवंत करायला ते पुरेसं ठरू शकतं. दास्ताने खटल्यात नवऱ्याने असं नंतरचं वागणंही मांडलं होतं. बायकोने सरकारकडे केलेला तक्रारअर्ज त्यात होता. पण तेवढ्याने जुनं प्रकरण जिवंत होत नाही असं न्यायालयाला वाटलं आणि अपील फेटाळलं गेलं.

एक कल्पित उदाहरण घेऊ. लग्न २०१६ चं. २०१८ मध्ये मारहाणीत मनगट मोडलं, सरकारी दवाखान्याचा कागद आहे. मुलगी पाच महिने माहेरी राहिली. बैठक झाली. नवऱ्याने स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं की दारू पिणार नाही, हात उचलणार नाही. ती नांदायला गेली, २०२० मध्ये बाळ झालं. २०२३ मध्ये शेजाऱ्यांसमोर ढकलून दिलं, फोन काढून घेतला, घरखर्च बंद केला. २०२४ मध्ये अर्ज. नवरा म्हणतो, २०१८ चं सगळं माफ झालंय, हे बघा बाळाचं बारसं, हे देवदर्शनाचे फोटो. आणि २०२३ मध्ये काय तर नवराबायकोची कुरबुर.

या बाईचा अर्ज दोन प्रकारे लिहिता येतो. एक, "लग्नापासून सतत छळ केला" असं मोघम लिहून २०१८ ते २०२३ मधली वर्षं गाळायची. मग बारशाचे फोटो आले की सगळंच खोटं वाटू लागतं. दुसरा प्रकार सरळ आहे. २०१८ ची मारहाण तारखेसह लिहायची. ती परत का गेली, कोणाच्या सांगण्यावरून गेली, नवऱ्याने काय लिहून दिलं, ते मांडायचं. मधली दोन-तीन वर्षं बरी गेली असतील तर तसंही लिहायचं. मग २०२३ च्या घटना, आणि शेवटी स्पष्ट म्हणायचं की माफी झाली असं धरलं तरी लेखी दिलेली अट मोडली गेली, म्हणून २०१८ ची क्रूरता पुन्हा विचारात घ्यावी. असं लिहिलं की बाळ आणि बारसं दोन्ही तिच्याच कहाणीत बसतात. तिने संधी दिली होती, त्याने ती घालवली.

खरी हानी अनेकदा बैठकीतल्याच कागदाने होते. तडजोडीच्या वेळी बाईकडून लिहून घेतात, "माझी आता कोणतीही तक्रार उरलेली नाही, मी राजीखुशीने नांदायला जात आहे." नवऱ्याकडून एक ओळही नाही. पुढे हाच कागद माफीचा पुरावा म्हणून दाखल होतो. परत पाठवायचंच असेल तर कागदावर काय घडलं ते येऊ द्या, तो काय करणार नाही ते येऊ द्या, आणि सही त्याची घ्या. "तक्रार उरलेली नाही" हे वाक्य खोडायला लावा. एक प्रत माहेरी ठेवा.

विलंबाचं थोडक्यात. कायद्यात वर्षांचा आकडा नाही, अनावश्यक किंवा गैर विलंब नको एवढंच आहे. लेकरासाठी थांबले, समेटाची बोलणी चालू होती, पैसे नव्हते, ही कारणं आपल्याकडची न्यायालयं ओळखतात. कारण न सांगता दहा वर्षं गेली तर मात्र प्रश्न येतो. संगनमत नाही याचीही कलम २३ प्रमाणे न्यायाधीशांना खात्री पटावी लागते. दोघांनी ठरवून खोटं कारण रचून अर्ज करणं म्हणजे संगनमत. तसं नाही हे अर्जातच लिहावं लागतं. दोघांनाही सुटायचंच असेल तर परस्परसंमतीचं कलम १३-ब आहे, खोट्या छळाची गरज नाही.

कायदा सोसणाऱ्यालाच शिक्षा करतो असं तुम्ही म्हणता. त्याच कलम २३ मधला पहिला खंड उलट्या बाजूने चालतो, तोही पाहा. स्वतःच्या गैरवर्तनाचा फायदा अर्जदाराला घेता येत नाही. हिराचंद श्रीनिवास मानगावकर विरुद्ध सुनंदा, सर्वोच्च न्यायालय, २००१. नवऱ्याच्या व्यभिचारावरून बायकोला न्यायिक फारकत मिळाली होती, तिला आणि मुलीला पोटगी द्यायचा आदेश होता. त्याने ती दिली नाही आणि दुसऱ्या बाईबरोबर राहणंही सोडलं नाही. फारकतीनंतर वर्षभर सहवास झाला नाही, या कारणावर मग त्यानेच घटस्फोट मागितला. न्यायालयाने नकार दिला. म्हणून बायकोला टाकून वर्षानुवर्षं पोटगी बुडवायची आणि मग "लग्नात काही उरलं नाही" म्हणत अर्ज करायचा, हा मार्ग या कलमामुळेच अडतो. ते काढून टाका असं मी म्हणणार नाही.

आणखी एक. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आणि राहायची जागा मागायला माफीची ही आडकाठी नाही. घटस्फोटाचं काय करायचं ते ठरेपर्यंत तुमची बहीण तो अर्ज करू शकते.

तिला एका वहीत तीन गोष्टी लिहून काढायला सांगा. दोन्ही वेळा घर सोडल्याच्या आणि परत गेल्याच्या तारखा, बैठकीला कोण कोण होतं, आणि दुसऱ्यांदा परत गेल्यानंतर काय काय घडलं. शेवटची गोष्ट सर्वांत बारकाईने लिहायची, घटना लहान वाटली तरी. दवाखान्याचे कागद, मेसेज, बैठकीतला कागद असेल तर त्याची प्रत, हे सगळं त्या वहीसोबत तिच्या वकिलाकडे पहिल्याच भेटीत जाऊ द्या.