पर्जन्यमानाच्या तक्त्यांबाबत आलेल्या अभिप्रायास आमचे उत्तर

ग्राहकांचा अभिप्राय: "पावसाच्या जुन्या तक्त्यांची स्कॅन केलेली पाने सीएसव्ही करायला दिली होती. फाईलमध्ये जागोजागी दोन-दोन, तीन-तीन जादा स्वल्पविराम, ते मीच काढत बसले. तरी जुलै-ऑगस्टचे आकडे सरकलेलेच. छापील मथळेसुद्धा बदलून टाकले. साध्या पानाला २५ रुपये आणि तक्त्याला ६०, वर उशीर. एक तारा."

सप्रेम नमस्कार,

फाईल ठरल्या वेळेपेक्षा उशिरा हाती आली आणि आपल्याला मनस्ताप झाला, याबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. दर आणि उशीर यांविषयी पुढे लिहितोच. परंतु आकडे सरकल्याचा ठपका जाहीरपणे आमच्यावर आला आहे, आणि आमचे छोटे केंद्र केवळ अचूकतेच्या विश्वासावर चालते, म्हणून आधी त्याबद्दल सविस्तर लिहिणे आम्हाला भाग आहे.

ज्यांना आपण जादा स्वल्पविराम म्हणता, ते मोकळ्या चौकटी आहेत. सीएसव्ही फाईलमध्ये उभ्या रेघा नसतात, त्यामुळे कोणता आकडा कोणत्या स्तंभातला हे केवळ त्याच्या आधी किती स्वल्पविराम आले यावरून ठरते. छापील पानावर एखादी चौकट रिकामी असेल, तर फाईलमध्ये त्या जागी दोन स्वल्पविराम शेजारी-शेजारी येतात, आणि सलग दोन चौकटी रिकाम्या असतील, तर तीन. आपले खरे आकडे येथे देणे उचित नाही, म्हणून त्याच रचनेचा पण नमुन्यादाखल आकडे घातलेला एक तुकडा दाखवतो.

```
तालुका,केंद्र,जून_पाऊस_मिमी,जून_दिवस,जुलै_पाऊस_मिमी,जुलै_दिवस,ऑगस्ट_पाऊस_मिमी,ऑगस्ट_दिवस
पाटण,क,212.4,11,,,403.0,19
पाटण,ख,96.0,7,318.5,16,274.2,15
खटाव,ग,0.0,0,61.2,5,48.0,4
```

येथे 'क' या पर्जन्यमापन केंद्राची जुलैची नोंद पानावरच नाही. पाऊसही नाही आणि पावसाचे दिवसही नाहीत, म्हणून ११ नंतर तीन स्वल्पविराम आहेत. आपण परत पाठवलेल्या फाईलमध्ये असे एकही ठिकाण शिल्लक नव्हते. दोन स्वल्पविरामांच्या जागी एक, अशी अदलाबदल संपूर्ण फाईलवर झालेली होती, आणि तीही दोनदा. दोनदा झाली हे आम्ही अंदाजाने म्हणत नाही. एकदाच केली असती, तर तीनाचे दोन स्वल्पविराम उरले असते आणि ओळ अशी दिसली असती:

```
पाटण,क,212.4,11,,403.0,19
```

या ओळीत ४०३ हा आकडा 'जुलै_दिवस' या स्तंभात जातो. एकतीस दिवसांच्या महिन्यात पावसाचे ४०३ दिवस कोणाच्याही डोळ्यांना लगेच खटकले असते. दुसऱ्यांदा अदलाबदल केल्यावर मात्र उरलेल्या दोनांचा एक झाला आणि ४०३ मिलिमीटर पाऊस व १९ दिवस ही जोडी नेमकी जुलैच्या दोन स्तंभांत जाऊन बसली. ती इतकी शोभून दिसते की तिच्याविषयी शंकाही येत नाही. ऑगस्ट तेवढा रिकामा राहतो. आपल्याला जुलै-ऑगस्ट सरकलेले दिसले ते यामुळे, आणि जून ते ऑगस्ट सलग भरलेल्या केंद्रांच्या ओळी मात्र जशाच्या तशा राहिल्या, तेही यामुळेच. आम्ही पाठवलेल्या फाईलमध्ये प्रत्येक ओळीत चौकटींची संख्या मथळ्याइतकीच आहे. वरच्या नमुन्यात आठ चौकटी आणि सात स्वल्पविराम, एकाही ओळीचा अपवाद नाही. शेरा किंवा नाव यांच्यात मुळातच स्वल्पविराम असेल, तर तो मजकूर दुहेरी अवतरणांत ठेवावा लागतो आणि तो स्वल्पविराम मोजणीत धरायचा नसतो. आपल्या पानांवर असे शेरे होते आणि ते त्याच पद्धतीने ठेवले आहेत.

रिकामी जागा दिसायला नको म्हणून तेथे शून्य घालता आले असते, पण ते आम्ही कदापि करणार नाही. 'ग' केंद्राच्या जूनमधील ०.० ही एक नोंद आहे. तेथे पर्जन्यमापक होता, कोणीतरी तो रोज पाहिला आणि पाऊस पडला नाही. 'क' केंद्राच्या जुलैमध्ये नोंदच नाही. समजा, एखाद्या केंद्राची चार वर्षांची जुलैची नोंद ३१०, २९०, रिकामी आणि ३०० अशी आहे. एक्सेल सरासरी काढताना रिकामी चौकट सोडून देते आणि उत्तर ३०० येते. त्या जागी शून्य भरले, तर तेच उत्तर २२५ होते. आपल्या काही पानांवर रिकाम्या जागेऐवजी आडवी रेघ छापलेली आहे आणि 'नोंद उपलब्ध नाही' हा तिचा अर्थ तळटिपेत दिलेला आहे. ती रेघ आम्ही रेघ म्हणूनच ठेवली. मूळ प्रतीत जे छापले आहे तेच उतरवावे आणि त्याचा अर्थ लावण्याचे काम अभ्यासकाने आपल्या प्रतीत करावे, अशी आमची पद्धत आहे आणि आम्ही ती सोडणार नाही.

मथळे बदलल्याचा आक्षेप आम्हाला अधिक लागला, कारण सर्वांत जास्त विचार आम्ही त्यांच्यावरच केला होता. छापील तक्त्यात मथळा दोन मजली आहे. वर 'जुलै' हा शब्द दोन स्तंभांवर मिळून एकदाच येतो आणि त्याच्याखाली 'पाऊस' व 'दिवस' असे दोन उपमथळे येतात. सीएसव्हीमध्ये चौकटी जोडण्याची सोयच नाही. छापल्याप्रमाणे उतरवले, तर 'जुलै' फक्त पहिल्या स्तंभावर राहतो, दुसऱ्याच्या डोक्यावर काहीच उरत नाही, आणि दुसऱ्या मजल्यावरची 'पाऊस, दिवस, पाऊस, दिवस' ही ओळ संगणक आकड्यांची पहिली ओळ समजून बसतो. फक्त खालचा मजला ठेवला, तर 'दिवस' नावाचे अनेक स्तंभ तयार होतात. पांडाससारखे साधन त्यांना आपल्या मनाने `दिवस`, `दिवस.1`, `दिवस.2` अशी नावे देते, आणि मग कोणता दिवस कोणत्या महिन्याचा हे पान उघडल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून वरचा मथळा आधी त्याच्या पट्ट्यातील प्रत्येक स्तंभावर पसरवून घेतला आणि मग खालचा त्याला जोडून 'जुलै_पाऊस_मिमी' असे एकमजली नाव केले. एकक मूळ तक्त्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेले होते, तेही हरवू नये म्हणून नावात घेतले. एकही छापील शब्द गाळलेला नाही.

तालुक्याच्या नावाचेही असेच आहे. पानावर 'पाटण' हे नाव उभ्या जोडचौकटीत एकदाच छापलेले आहे आणि त्यात अनेक केंद्रे येतात. ते प्रत्येक ओळीत खाली भरून घ्यावे लागते, अन्यथा फाईल केंद्राच्या नावाने क्रमवार लावताच कोणते केंद्र कोणत्या तालुक्याचे हे कळत नाही. मात्र हे खाली भरणे केवळ तालुक्याच्या स्तंभापुरतेच करायचे असते. तीच आज्ञा चुकून सर्व स्तंभांना दिली, तर प्रत्येक रिकाम्या चौकटीत वरच्या केंद्राचा पाऊस उतरतो, आणि ती चूक नंतर शोधून काढणे फार कठीण जाते.

आता दर आणि वेळ. साध्या मजकुराचे पान ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या संगणकीय साधनाने, वाचले की अक्षरे तपासून काम संपते. तक्त्यात अक्षरे वाचल्यानंतर काम सुरू होते. रिकाम्या चौकटीत शाईच नसते, त्यामुळे ओसीआरला ती दिसत नाही. ते त्या ओळीतील आकडे एकामागोमाग एक ठेवून मोकळे होते, म्हणजे आपल्या फाईलचे नंतर जे झाले तेच आरंभीच होते. म्हणून आम्ही टेसरॅक्ट या ओसीआर साधनाचा नुसता मजकूर न घेता `tsv` स्वरूप घेतो. त्यात प्रत्येक शब्दाचे पानावरील स्थान `left`, `top`, `width`, `height` असे पिक्सेलमध्ये मिळते. आधी मथळा आणि रेघा पाहून प्रत्येक स्तंभाच्या डाव्या-उजव्या हद्दी ठरवायच्या, मग प्रत्येक आकडा ज्या हद्दीत बसतो त्या चौकटीत टाकायचा, आणि ज्या हद्दीत काहीच आले नाही तेथे रिकामी चौकट सोडायची. आकड्यांची डावी कड येथे फसवते, कारण ४.० आणि ४०३.० यांची सुरुवात वेगवेगळ्या जागी होते. उजवी कड मात्र एका रेषेत छापलेली असते, म्हणून हद्द तिच्यावरून जुळवावी लागते.

आपली बरीच पाने मोबाईलवर काढलेली आणि किंचित कललेली होती. ३०० डीपीआयला ए-४ पानाची रुंदी सुमारे २४८० पिक्सेल असते. पान एकच अंश कलले, तरी डावीकडून उजवीकडे जाईपर्यंत ओळ ४३ पिक्सेल वर किंवा खाली सरकते. छापील ओळींमधील अंतर जेमतेम ५० पिक्सेल असेल, तर शेवटच्या स्तंभातला आकडा शेजारच्या केंद्राच्या नावावर जमा होतो. अशा प्रत्येक पानाचा कल आधी काढावा लागला, आणि ग्रंथाच्या शिवणीपाशी जेथे कागद वळला होता तेथे पानाचे उभे तुकडे करून एकेक सरळ करावा लागला. त्यानंतर प्रत्येक ओळीतील महिन्यांची बेरीज छापील 'एकूण' स्तंभाशी ताडून पाहिली. ही बेरीज वाचनातली चूक पकडते, पण सरकलेला आकडा पकडत नाही, कारण जुलैचा पाऊस ऑगस्टमध्ये गेला तरी एकूण तेवढीच राहते. म्हणून रिकाम्या चौकटी असलेली प्रत्येक ओळ माझ्या सहकारी ताईंनी मूळ पान शेजारी ठेवून स्वतः पाहिली. साठ रुपयांतला मोठा भाग या नजरेचा आहे. दोन्ही दर दर्शनी फलकावर वेगवेगळे लिहिलेले आहेत आणि काम घेताना आपल्याला सांगितलेही होते.

यापुढे तक्त्याच्या प्रत्येक फाईलसोबत स्तंभांची संख्या आणि रिकाम्या चौकटींचा अर्थ सांगणारी टीप देऊ, आणि मुदतीविषयीही शक्य तेवढी काळजी घेऊ.

आपल्याला पहिल्या मेलने पाठवलेली मूळ फाईल आजही तशीच आहे. ती नोटपॅडमध्ये दुरुस्त न करता एक्सेलमध्ये `Data` खालील `From Text/CSV` मधून उघडावी, `File Origin` मध्ये `65001: Unicode (UTF-8)` आणि `Delimiter` मध्ये `Comma` निवडावे. रिकाम्या चौकटी आपापल्या जागी दिसतील. त्यानंतरही एखादा आकडा मूळ पानाशी जुळला नाही, तर पान क्रमांक आणि केंद्राचे नाव कळवावे. ते पान आम्ही कोणताही आकार न घेता पुन्हा करून देऊ.

आपला नम्र,
केंद्रचालक