बाकी कामे लिहिणाऱ्याला बोल लावू नका

आज सकाळच्या बैठकीत आमच्या पाळीतल्या एका तरुण सहकाऱ्याला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावे लागले. कारण एवढेच, की त्याने काल रात्री पाठवलेल्या पाळीअखेरच्या अहवालात पूर्ण झालेली कामे चार होती, पुढच्या पाळीकडे सोपवलेली सात होती आणि त्याखाली ‘आढळलेल्या अडचणी’ म्हणून आणखी तीन ओळी होत्या. वरिष्ठांनी तो अहवाल पडद्यावर दाखवला आणि विचारले, “आठ तासांत हे एवढेच?” तो मुलगा खाली मान घालून बसला. उद्यापासून तो काय करील हे मला आजच माहीत आहे. तो सातपैकी तीन कामे ‘पूर्ण’ या रकान्यात ढकलील, अडचणींच्या रकान्यात ‘काही नाही’ असे लिहील आणि त्याला कोणी काही बोलणार नाही.

हे पाहून मला जो राग आला आहे, तो एका जुन्या रात्रीमुळे आला आहे. तेव्हा मी रात्रपाळीला होते. चार्ज घेताना संध्याकाळच्या पाळीचा अहवाल वाचला. त्यात पंप क्रमांक दोनबद्दल एकच ओळ होती : “मेकॅनिकल सील बदलले, ट्रायल घेतली, ओके. काम पूर्ण.” या ओळीतला प्रत्येक शब्द खरा होता. सील खरोखरच नवे होते, नीट बसवलेले होते आणि ट्रायलमध्ये एक थेंबही गळला नव्हता. तरीही पहाटेच्या आधी ते सील जळाले, गरम पाण्याचा फवारा पंपाच्या चौथऱ्यावर उडाला, आणि आमचा ऑपरेटर तेव्हा दोन पावले मागे होता म्हणूनच वाचला.

अहवालात नव्हते ते असे. सक्शन लाइनवर एक प्रेशर स्विच असतो. पंपाला येणाऱ्या पाण्याचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की तो पंप आपोआप बंद करतो, म्हणजे पंप कोरडा चालत नाही. तो स्विच बिघडला होता आणि दाब व्यवस्थित असतानाही पंप ट्रिप करत होता. ट्रायल तर घ्यायची होती, म्हणून संध्याकाळच्या पाळीने पॅनेलमध्ये जंपर टाकून स्विच बायपास केला. नवा स्विच दुसऱ्या दिवशी सकाळी इन्स्ट्रुमेंट विभाग बसवणार होता. तोपर्यंत जंपर तसाच राहिला. सीलचे काम पूर्ण झाले होते, पण पंप पूर्वस्थितीला आलेला नव्हता, आणि अहवालाच्या रकान्यात मात्र या दोन्ही गोष्टी एकच ठरल्या.

दुसरी गोष्ट मला अधिक लागते. ट्रायल चालू असताना त्या पाळीच्या तंत्रज्ञाने सक्शन गेज पाहिला होता. सुरुवातीला काटा 0.6 किलोवर होता आणि चाळीसएक मिनिटांत 0.5 वर आला. टाकीची पातळी तेवढीच होती. टाकी भरलेली असताना सक्शनचा दाब उतरतो, तेव्हा टाकी आणि पंप यांच्यामध्ये काहीतरी अडते आहे असे समजावे, आणि लाइन नुकतीच उघडून काम झाले असेल तर पहिला संशय स्ट्रेनरवर घ्यावा, कारण सुटलेला गंज आणि कचरा तिथेच जाऊन बसतो. त्या माणसाच्या हे मनात आले होते, पण त्याने ते लिहिले नाही. नंतर त्याने मला सांगितले, “ताई, एवढ्याशा फरकासाठी अडचण म्हणून लिहिले असते, तर ट्रायल ओके कशी म्हणता, असे वरून विचारले असते.”

रात्री पंप एक थांबवून आम्ही पंप दोन चालू केला. ‘ओके’ लिहिलेला पंप चालू करण्यात कोणालाही वावगे वाटले नसते. स्ट्रेनर हळूहळू चोक होत गेला. पडद्यावर टाकीची पातळी उत्तम दिसत होती, म्हणून कंट्रोल रूममध्ये कोणाला शंका आली नाही. सक्शन गेज जागेवर होता आणि रात्री तिथे उभे राहायला माणूस नव्हता. पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येऊ लागला, डिस्चार्जचा काटा थरथरू लागला, मोटरचे अँपिअर खाली येऊन डोलू लागले. पंपाला पुरेसे पाणी मिळत नसल्याची ही अगदी ठळक लक्षणे आहेत. पण ही लक्षणे दिसेपर्यंत सीलची तोंडे कोरडी पडून तापलेली असतात. या टप्प्याच्या आधीच पंप बंद करण्यासाठी तो स्विच होता, आणि त्याच्यावर जंपर होता.

आता त्या संध्याकाळच्या अहवालात काय असायला हवे होते ते पाहा. मी हे मुद्दाम पूर्ण लिहिते आहे, कारण ‘नीट अहवाल लिहा’ असे सांगणारे खूप असतात आणि तो कसा असतो हे कोणी दाखवत नाही.

“पूर्ण : पंप दोनचे मेकॅनिकल सील बदलले. ट्रायल 19:10 ते 19:50, गळती नाही. सोपवलेले : सक्शन प्रेशर स्विच खोटा ट्रिप देत असल्याने जंपर टाकून बायपास केला आहे, जंपर अजून पॅनेलमध्ये आहे. नवा स्विच इन्स्ट्रुमेंट विभाग सकाळी बसवणार. तोपर्यंत पंप दोन चालवू नये. चालवणे भाग पडल्यास सक्शन गेजपाशी माणूस ठेवावा आणि काटा 0.3 च्या खाली गेल्यास पंप हाताने बंद करावा. आढळलेली अडचण : ट्रायलच्या चाळीस मिनिटांत सक्शन 0.6 वरून 0.5 वर आले, टाकीची पातळी तीच. स्ट्रेनर उघडून पाहिलेला नाही.”

एवढ्याच ओळी. लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. यात कुठे विशेषणे नाहीत, कोणाला दोष दिलेला नाही आणि कारणाचा अंदाजही ठामपणे मांडलेला नाही. सोपवलेल्या कामापुढे ते आत्ता कोणत्या स्थितीत आहे, कशावाचून थांबले आहे, पुढे ते कोण करणार आणि तोपर्यंत काय करायचे नाही, हे लिहिले आहे. मला विचाराल तर शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच गळते. अडचणीपुढे आकडा आहे, वेळ आहे, आणि काय तपासलेले नाही हेही आहे. ‘स्ट्रेनर उघडून पाहिलेला नाही’ हे वाक्य लिहायला धैर्य लागते, कारण ते लिहिणारा स्वतःचे काम अपुरे असल्याचे सांगत असतो. आजच्या बैठकीत आपण नेमके त्याच धैर्याला बोल लावला.

लांबलचक अहवाल वरिष्ठ वाचत नाहीत, हे मला मान्य आहे. अनेक विभागांचे अहवाल रोज वाचायचे असतील तर कोणीही आधी आकडेच पाहील. पण मग पूर्ण झालेल्या कामांचा आकडा का पाहायचा? जे संपले ते संपले, त्यावर पुढच्या पाळीला काहीच करायचे नसते. काम असते ते उरलेल्या दोन भागांत.

कोणी म्हणेल की, एका पंपाचे सील गेले त्याचे एवढे काय. त्यांना मी 6 जुलै 1988 च्या रात्रीकडे पाहायला सांगेन. उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर दोन कंडेन्सेट पंप होते. त्यांतल्या ‘ए’ पंपाचा सुरक्षा व्हॉल्व्ह त्या दिवशी तपासणीसाठी काढला होता. संध्याकाळपर्यंत तो परत बसला नाही आणि त्याच्या जागी तात्पुरती झाकणाची चकती लावली गेली. हे काम अर्धवट आहे, ही गोष्ट रात्रपाळीच्या चालकांपर्यंत पोहोचली नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास ‘बी’ पंप बंद पडला आणि पुन्हा सुरू होईना. ‘ए’ पंपाच्या मोठ्या दुरुस्तीचा परवाना रात्रपाळीला माहीत होता आणि ती दुरुस्ती अजून सुरूच झालेली नव्हती, म्हणून तो पंप चालवता येईल असे त्यांना वाटले. व्हॉल्व्हच्या कामाचा परवाना वेगळा होता. ‘ए’ पंप सुरू करण्याच्या प्रयत्नात चकतीतून वायू सुटला आणि स्फोट झाला. त्या रात्री 167 माणसे गेली. त्या दुर्घटनेची इतरही कारणे होती आणि ती चौकशीत पुढे आली, पण त्यांतले पहिले पाऊल मला माझ्या रात्रीसारखेच दिसते : पाळी बदलताना एक अर्धवट काम मध्येच हरवले.

आता हे लिहिताना राग थोडा ओसरला आहे आणि त्या संध्याकाळच्या तंत्रज्ञाचा चेहरा आठवतो आहे. तो हुशार आणि प्रामाणिक होता. त्याने जंपरबद्दल आपल्या पाळीप्रमुखांना तोंडी सांगितलेही होते. पाळीप्रमुख दुसऱ्या गडबडीत होते आणि आमच्या पाळीप्रमुखांशी बोलताना ते त्यांच्याकडून राहून गेले. तोंडी बोलणे हवेच. समोरासमोर उभे राहून, गेज दाखवून चार्ज देण्याला पर्याय नाही. पण तोंडी सांगितलेले आठवणीवर चालते आणि बारा माणसांच्या गर्दीत आठवण फसते. सील जळाल्यावर चौकशीत त्या तंत्रज्ञालाच विचारले गेले, “तुम्ही लिहिले का नाही?” त्याने लिहावे असे वातावरण कोणी ठेवले होते का, हे मात्र कोणालाच विचारले गेले नाही. हा अन्याय मला आजही सहन होत नाही.

आजच्या मुलाच्या सात सोपवलेल्या कामांपैकी एक असे होते : “कंप्रेसर तीनचा ऑइल प्रेशर अलार्म तात्पुरता बंद केला आहे, उद्या दुपारपर्यंत प्रत्यक्ष गेज दर तासाला पाहावा.” बैठकीत या ओळीवर कोणी थांबले नाही. मी बैठक संपल्यावर त्याला बाजूला घेऊन सांगितले की ही ओळ काढू नकोस, उलट अलार्म कोणाच्या परवानगीने बंद केला तेही तिच्यापुढे लिही. मग मी सकाळच्या पाळीकडे चौकशी केली. दर तासाचे वाचन सुरू होते, कारण त्यांनी त्याचा अहवाल वाचला होता.

माझ्या मित्रयादीत पाळीचे अहवाल ज्यांच्याकडे येतात असे बरेच जण आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे की आजचा अहवाल आला की पूर्ण कामांचा आकडा मोजण्याआधी सोपवलेल्या कामांपुढे एकेका माणसाचे नाव लिहून उत्तर पाठवा. अडचणींच्या रकान्यात सलग आठवडाभर ‘काही नाही’ येत असेल, तर समाधान मानू नका. त्या पाळीला जाऊन विचारा की कुठे जंपर आहे, कुठे अलार्म बंद आहे आणि कोणता काटा कालच्यापेक्षा हलला आहे. उद्याच्या बैठकीत मी हेच बोलणार आहे, आणि त्या मुलाचा कालचा अहवाल मीच पुन्हा पडद्यावर लावणार आहे.