घाम फुटला की टायमर थांबवायचाच

«ॲपचा टायमर लावा, १६ तास काही खाऊ नका. १२ तासांनी चरबी जळू लागते, १६ तासांनी पेशी स्वच्छ होतात. थरथर, घाम आला तर घाबरू नका, विष बाहेर पडतंय. टायमर मध्येच तोडू नका. शुगरच्या गोळ्याही सुटतील.»

हे माझ्या मावशीला तिच्या भिशीच्या ग्रुपवर आलं आणि तिने ॲप उतरवूनही घेतलं. ती सकाळी शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची एकत्र गोळी घेते. म्हणून आधी त्या ‘विषा’चं बघू.

थरथर, दरदरून घाम, धडधड, बोलताना गोंधळणं ही साखर उतरल्याची लक्षणं आहेत. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. आता वेळा मांडा. रात्री ८ ला जेवण आटोपलं, टायमर सुरू. सकाळी ८ ला सवयीने गोळी. तिचा जोर दोन-तीन तासांनी, म्हणजे १०-११ च्या सुमारास सर्वांत जास्त. आणि ॲप खायला परवानगी देतं दुपारी १२ ला! साखर घसरत असते तेव्हा पडद्यावर ज्वाळेचं चित्र आणि ‘शाबास, थोडंच राहिलं’. अशा वेळी मीटरवर ७० च्या खाली आकडा दिसला, किंवा मीटर हाताशी नसेल तर तसंच, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि मग नीट खायचं. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर जाणवतही नाही, घाम तेवढा येतो. तोच ‘विष’ म्हणून पुसून टाकायचा?

पेशी स्वच्छ होण्याचं म्हणाल, तर ॲप फक्त घड्याळ बघतं. तुमच्या रक्तातलं काहीही त्याला कळत नाही. माणसाच्या पेशीत १६ व्या तासाला काही बटण दाबलं जातं, असं कुणी दाखवलेलं नाही.

वजनाचं अर्धसत्य आहे, मान्य. रात्री साडेदहाचं फरसाण बंद झालं तर फरक पडणारच. पण २०२० साली अमेरिकेत ११६ जणांवर १२ आठवडे चाचणी झाली. १६ तास उपाशी राहणाऱ्यांचं वजन सरासरी ०.९४ किलो उतरलं, तीन वेळा खाणाऱ्यांचं ०.६८. हा फरक संशोधकांनीही गणतीत धरला नाही.

आणि ॲपमधली ती ‘सलग दिवसां’ची माळ. ती तुटू नये म्हणून लोक चक्कर येत असताना बसून राहतात, लग्नात जेवले की दुसऱ्या दिवशी २० तास लावतात, मग खायची वेळ झाली की ताटावर तुटून पडतात. नवख्याने १२ तासांवरच राहावं, सूचना बंद ठेवाव्यात. गरोदर, स्तनदा, वाढत्या वयातली मुलं आणि पूर्वी खाण्याचे विकार झालेल्यांनी टायमर लावूच नये.

गोळ्या सुटणार की नाही हे ग्रुप ठरवत नाही. मावशीला मी डॉक्टरांना एवढंच विचारायला सांगितलंय: “पहिलं खाणं १२ ला गेलं, तर ही गोळी कधी आणि किती घ्यायची?” उत्तर मिळेपर्यंत नाश्ता ८ लाच.